दर्या, दऱ्या आणि लाल रेघेत न सापडणाऱ्या चुका

प्रश्न: आमच्या मच्छीमार संस्थेच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका काढतोय. १८० पानं, चौदा जणांचे लेख, सगळं वर्डमध्ये युनिकोडात आहे. चार रात्री बसून सगळ्या लाल रेघा घालवल्या. आता एकही रेघ नाही. छापायला देऊ का? स्पेलचेकरच्या नजरेतून नक्की काय काय सुटतं?

उत्तर:

लगेच देऊ नका. आधी एक छोटी परीक्षा घ्या. चौदाही लेखांत, कुठेतरी मध्येच, एकेक धडधडीत चुकीचा शब्द मुद्दाम टाइप करा, ‘शुद्धलेखणण’ म्हणा. त्याखाली लाल रेघ उमटली तर त्या लेखावर तपासणी चालू आहे. नाही उमटली तर तो लेख तपासलाच गेलेला नाही. मला तरी चौदापैकी दोन-तीन लेख असे निघतील असं वाटतं. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या संगणकांवर टाइप केलेला मजकूर एकत्र चिकटवला की त्याच्याबरोबर त्याची भाषेची खूणही येते. एखादा लेख हिंदी म्हणून नोंदलेला असतो, एखाद्यावर `Do not check spelling or grammar` ही खूण असते. वर्डमध्ये `Review` मधल्या `Language` खाली `Set Proofing Language` उघडून ती बघता येते. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा, ती खूण काढा, आणि मग रेघा मोजा.

दुसरं एक कारण मराठीत वरचेवर घडतं. एका फाइलमध्ये चुकीचे वाटणारे शब्द फार झाले, की वर्ड हात टेकतं आणि आता आणखी रेघा दाखवता येत नाहीत असा संदेश देऊन सगळ्याच रेघा बंद करतं. कोकणातल्या मजकुरात ती वेळ लवकर येते, कारण आपली गावं, आडनावं, जाळ्यांची आणि माशांची नावं त्याच्या यादीत नसतात. माणूस तो संदेश न वाचता बंद करतो आणि पान स्वच्छ दिसलं म्हणून खूश होतो.

तिसरी गोष्ट तुमच्या त्या चार रात्रींबद्दल. रेघा घालवताना किती वेळा `Add to Dictionary` दाबलंत? तिथे घातलेला शब्द `CUSTOM.DIC` नावाच्या फाइलमध्ये जातो आणि पुढे सगळ्या कागदपत्रांत बरोबर धरला जातो. रात्री अकरा वाजता ‘आचर्याला’ हा शब्द आचरा गावाचं नाव म्हणून आत घातला असेल, तर तो चुकीचा शब्द आता कायमचा घरचा झाला. `File`, `Options`, `Proofing`, `Custom Dictionaries` असं जाऊन ती यादी एकदा वाचून काढा. कुणाच्या संगणकावर काम करायला बसले की मी ही यादीच पहिली वाचते. मालकाच्या सगळ्या सवयी तिथे कळतात.

आता मूळ मुद्दा. स्पेलचेकर एकेक शब्द सुटा उचलतो, आपल्या यादीत मूळ शब्द आहे का आणि त्याला लागलेला प्रत्यय चालतो का एवढंच बघतो, आणि पुढे जातो. शेजारच्या शब्दाशी त्याचं देणंघेणं नाही. इंग्रजीला निदान वाक्य बघणारी व्याकरण-तपासणी बऱ्यापैकी मिळते. वर्डमध्ये मराठीला जे मिळतं ते शब्दापुरतंच. आणि मराठी शब्दाला एक टिंब कमी पडलं, एक जागा जास्त सुटली, एक रफार चढला, तर बहुतेक वेळा मोडका शब्द तयार होत नाही, दुसरा धडधाकट शब्द तयार होतो. स्पेलचेकर त्याला रामराम करून पुढे पाठवतो.

एक उतारा घेऊ. मी शिकाऊ पोरांना देते तो, तुमच्या विषयाला जुळवून:

> बंदरात रोज संध्याकाळी माश्यांचा लिलाव होतो. खडीच्या मुखाशी वाळू साचल्या मुळे होड्या आत आणणे कठीण झाले आहे. तांडेलाने ही अडचण सभेत मांडली तेव्हा त्यांनी दऱ्या शांत होईपर्यंत थांबायचे ठरवले. बंदीच्या ६० दिवसांत (१ जून ते ३१ जुलै) होड्यांची दुरुस्ती, रंगकाम आणि जाळी विणण्याची कामे केले जाते.

चार वाक्यं, सात चुका. सातही चुका शब्दकोशातल्याच शब्दांनी झालेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याखाली लाल रेघ येणार नाही.

‘माश्यांचा लिलाव’ म्हणजे घरात घोंघावणाऱ्या माश्यांचा लिलाव. मासा या शब्दाचं सामान्यरूप ‘माशा’ होतं. पुल्लिंगी शब्दाच्या शेवटच्या ‘सा’चा ‘शा’ होतो, ‘श्या’ नाही, असं शासनमान्य नियमांतच आहे: घसा-घशाला, ससा-सशाला. (हे नियम साहित्य महामंडळाचे, १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार, असे अठरा.) माशी मात्र स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन माश्या. म्हणून माशांचा लिलाव, माश्यांचा त्रास. मच्छीमारांच्या स्मरणिकेत ही चूक सापडली नाही असं मला अजून आठवत नाही. ‘बांगड्यांचा हंगाम’ मात्र बरोबर आहे हो, बांगडा आणि बांगडी दोघांनाही तिथे तेच रूप मिळतं. हसायचं आणि सोडून द्यायचं.

‘खडीच्या मुखाशी’ ही साधी काना गळाल्याची चूक. खाडीची खडी झाली, आणि खडी हा शब्द रस्त्याच्या कामावर रोजचा आहे. होडी आणि होळी, भरती आणि भारती, वेळास हे गाव आणि ‘त्या वेळेस’मधलं वेळेस, ही सगळीही अशीच एका खुणेच्या किंवा अक्षराच्या फरकाची. डोळा यांच्यावरून घसरतो, कारण काय लिहिलं असणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

‘साचल्या मुळे’ पाहा. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून हवं: साचल्यामुळे. पण ‘साचल्या’ हा शब्द आहे आणि ‘मुळे’ हाही शब्द आहे. ही मराठीतली सगळ्यात जास्त संख्येनं येणारी आणि सगळ्यात कमी पकडली जाणारी चूक. मोबाइलवर टाइप केलेल्या लेखांत तर पानागणिक दहा सापडतात, कारण कीबोर्ड शब्द सुचवतो आणि सुचवलेल्या शब्दानंतर स्वतःच जागा सोडतो. ‘घरा समोर’, ‘सभासदां साठी’, ‘बंदरा पासून’. हिचा एक फायदा म्हणजे ती शोधता येते. लिबरऑफिस रायटरमध्ये फाइल उघडा, `Find & Replace` मध्ये `Regular expressions` वर खूण करा आणि हे टाका:

```
\s(मुळे|साठी|समोर|पासून|पर्यंत|प्रमाणे|ऐवजी|पेक्षा|विषयी|बद्दल)
```

`Find All` दाबलं की जागा सोडून आलेले सगळे रंगतात. `Replace All` मात्र दाबू नका. मी एकदा दाबलं होतं. कांदळवनावरचा लेख होता, आणि ‘खारफुटीची मुळे चिखलात’ या शब्दांचं ‘खारफुटीचीमुळे चिखलात’ होऊन ते छापूनही आलं. ‘साठी ओलांडलेले तांडेल’ यांनाही तोच धोका. ‘समोर सुवर्णदुर्ग दिसतो’ यातलं ‘समोर’ सुटंच बरोबर. म्हणजे यंत्रानं जागा दाखवायची आणि निकाल आपण द्यायचा. १८० पानांना यासाठी दोनेक तास लागतील, आणि एवढ्या वेळात याहून जास्त चुका दुसऱ्या कुठल्याच कामात निघत नाहीत.

आता ‘दऱ्या शांत होईपर्यंत’. डोंगरातल्या दऱ्या शांत व्हायची वाट कोण बघतंय? इथे हवा तो दर्या, समुद्र. ऱ्य आणि र्य यांत गल्लत होण्याची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती वेगळीच ठेवायला हवीत.

पहिलं कारण अज्ञान. मूळ शब्दाच्या शेवटी रा किंवा री असेल आणि रूप चालवताना त्याला य येत असेल, तर अर्धा र आडवा, चंद्रकोरीसारखा येतो: किनारा-किनाऱ्यावर, वारा-वाऱ्याने, दरी-दऱ्या, आचरा-आचऱ्याला. जिथे मूळ शब्दातच ते जोडाक्षर आहे तिथे डोक्यावर रफार: सूर्य, कार्य, दर्या. आचारी स्वयंपाक करतात म्हणून ‘आचाऱ्यांना बोलावले’, आणि मठातले असतील तर ‘आचार्यांना बोलावले’. वेंगुर्ल्याला रफारच, कारण वेंगुर्ले या नावात तो आधीपासून आहे. किनाऱ्यावरच्या मजकुरात ‘किनाऱ्या’ आणि ‘वाऱ्या’ पानोपानी येतात, म्हणून ही चूक आपल्याकडे जास्त दिसते.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. आडवा र टाइप करायच्या निदान दोन रीती प्रचारात आहेत. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, युनिकोडात `U+200D`, घालतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. चौदा जणांपैकी सहा जणांनी एका रीतीनं आणि आठ जणांनी दुसऱ्या रीतीनं लिहिलं असेल, तर तुम्ही ‘किनाऱ्यावर’ शोधलंत तरी अर्धेच सापडतील. सूची करताना, एखादं नाव सगळीकडे बदलताना हे अंगाशी येतं. पुन्हा लिबरऑफिसमध्येच, `Regular expressions` चालू ठेवून, पहिली ओळ शोधायच्या जागी आणि दुसरी बदलायच्या जागी घाला:

```
र्\u200D
ऱ्
```

इथे `Replace All` चालतं, कारण र, हलन्त आणि ते चिन्ह ही जुळणी आडव्या र साठीच असते. पण दोन गोष्टी करू नका. एक, नुसतं `\u200D` पुसून टाकू नका. तसं केलंत तर सगळे आडवे र रफार होतील आणि ‘किनार्यावर’ उरेल. दोन, ‘र्य’चं सरसकट ‘ऱ्य’ करू नका. तुमच्या कार्यकारिणीची ‘काऱ्यकारिणी’ होईल आणि ती पहिल्याच पानावर असेल.

असंच अदृश्य दुखणं विसर्गाचं. ‘दुःख’, ‘स्वतः’ यांत विसर्गाऐवजी विरामचिन्हांतला अपूर्णविराम टाइप केलेला असतो. `दु:`, `नि:`, `स्वत:`, `विशेषत:` हे शोधून हातानं बदला, दहा मिनिटांचं काम.

चंद्रकोर सोडून आता टिंबाकडे येते. ‘तांडेलाने ही अडचण मांडली तेव्हा त्यांनी ठरवले’. हे ‘त्यांनी’ कोणासाठी? तांडेल एकच होता आणि आदरानं ‘त्यांनी’ म्हटलंय, तर आधी ‘तांडेलांनी’ हवं. तांडेल एकच आहे पण ठरवणारी सभेतली मंडळी, तर ‘सभासदांनी’ असं स्पष्ट लिहायला हवं. बंदरातले सगळे तांडेल मिळून गेले होते, तरीही ‘तांडेलांनी’च. अनेकवचनाच्या आणि आदरार्थी बहुवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार हवा, हा नियम सगळ्यांना येतो. पण ‘सभासदाच्या’ आणि ‘सभासदांच्या’, ‘वारसाला’ आणि ‘वारसांना’, ‘घरात’ आणि ‘घरांत’ हे दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात. यंत्राला कुठला हवा ते कळायचा मार्ग नाही. खरं सांगायचं तर मलाही पुष्कळदा नसतो.

एका संस्थेच्या अहवालात मी ‘संचालकाच्या मान्यतेने खर्च केला’ असं जाऊ दिलं होतं. व्याकरणात काही वावगं नव्हतं. वार्षिक सभेत एकानं उठून विचारलं, कुठल्या संचालकाच्या? मान्यता पूर्ण मंडळानं दिलेली होती. टिंब गळलं होतं आणि एकट्या माणसानं पैसे उधळल्यासारखं वाक्य झालं होतं. तेव्हापासून पैसे, हक्क, वारस, मतदान, राजीनामा यांच्या आसपासचं प्रत्येक ‘-च्या’ आणि ‘-ने’ मी थांबून बघते आणि संशय असेल तिथे स्वतः दुरुस्त करत नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिते: ‘एक की सगळे?’ उत्तर लेखकानं द्यायचं. मुद्रितशोधकानं अंदाजानं टिंब दिलं तर त्यानं नवीन माहिती तयार केली असं होतं.

‘जाळी विणण्याची कामे केले जाते’ ही लांब वाक्यातली नेहमीची ठेच. लिहिणारा सुरुवात ‘काम’ मनात धरून करतो, मध्ये तीन-चार गोष्टींची माळ येते, आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत लिंग-वचन हातून निसटतं. ‘कामे केली जातात’ हवं. यावर माझा उपाय गावठी आहे: वाक्य लांब असेल तर क्रियापदावर बोट ठेवून मागे जायचं आणि ‘काय केलं?’ असं त्याला विचारायचं. ‘संस्थेने बर्फाचा कारखाना, डिझेल पंप आणि जाळ्यांसाठी शेड बांधला’. काय बांधला? शेवटी शेड आहे, आणि आपल्याकडे ती ‘ती शेड’. म्हणून बांधली.

आणि ६० दिवस. जूनचे ३०, जुलैचे ३१, मिळून ६१. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची यांत्रिकी मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांचीच आहे. लेखकानं गोळाबेरीज लिहिली, आणि कंसात तारखा देऊन स्वतःलाच खोटं पाडलं. तुमच्या वाचकांत प्रत्येक माणूस ते ६१ दिवस मोजून काढतो, त्याला ते लगेच टोचेल. तारखा, बेरजा, वयं, ‘पुढील पाच कारणे’ म्हणून दिलेली चार कारणं, हे सगळं कुठल्याही तपासणीच्या कक्षेबाहेरचं आहे. हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षं. मुखपृष्ठावरचं स्थापनेचं वर्ष, प्रस्तावनेतलं, पहिल्या अध्यक्षांच्या लेखातलं आणि नोंदणी दाखल्याच्या छायाचित्रातलं, ही चारही एकमेकांशेजारी ठेवून बघा. जिथे दाखला आहे तिथे दाखला प्रमाण.

आता १८० पानांत हे सगळं कुठे कुठे आहे ते शोधायचं कसं? लांब कागदपत्राला मी एक युक्ती करते आणि ती मला भाचीनं शिकवली. अख्ख्या मजकुरातले वेगवेगळे शब्द वर्णानुक्रमे, आणि प्रत्येक किती वेळा आला तो आकडा, अशी यादी काढायची. वर्डमधून फाइल `Plain Text` म्हणून, एन्कोडिंग `UTF-8` निवडून, `ank.txt` या नावानं ठेवा. पायथन असलेल्या संगणकावर हे चालवा, किंवा संस्थेतल्या कुणा कॉलेजच्या पोराला चालवायला सांगा:

```
import re, collections
t = open("ank.txt", encoding="utf-8").read()
w = re.findall(r"[\u0900-\u097F\u200C\u200D]+", t)
for k, n in sorted(collections.Counter(w).items()):
    print(n, k)
```

काही हजार ओळींची यादी येईल. ती छापा किंवा पडद्यावर वाचा, दोन दुपारी लागतात. यात वाक्यं नसल्यामुळे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही. शेजारच्या ओळी काहीशा अशा दिसतात:

```
14 किनार्‍यावर
29 किनाऱ्यावर
22 माशांचा
1 माश्यांचा
31 सभासदांच्या
9 सभासदाच्या
```

पहिल्या दोन ओळी एकच शब्द दोनदा आल्यासारख्या वाटतात. ती त्या अदृश्य चिन्हाची करामत. वरचं बदलण्याचं काम राहिलं असेल तर इथे उघडं पडतं. बावीस वेळा माशांचा आणि एकदा माश्यांचा, म्हणजे ती एक जागा उघडून बघायची. एकतीस आणि नऊ अशी जोडी आली की नऊच्या नऊ जागा बघायच्या, कारण त्यातल्या सहा खऱ्या एकवचनी असतील. ‘खडीच्या’ दोनदा दिसलं की मासेमारीच्या अंकात खडीचं काय काम, असा प्रश्न आपोआप पडतो. दाभोळ आणि दाभोळे ही रत्नागिरी जिल्ह्यातली दोन खरी गावं आहेत, एक खाडीच्या तोंडाशी आणि एक वर घाटाच्या वाटेवर. बंदराच्या लेखात दाभोळे आलं तर यादीशिवाय ते कुणाच्या नजरेत येणार? मच्छीमार आणि मच्छिमार, त्यावेळी आणि त्या वेळी, अशी दुहेरी रूपंही इथेच दिसतात. कुठलंही एक ठरवा, एका कागदावर लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच करा. ‘केलं-झालं’ आणि ‘केले-झाले’ यांची सरमिसळही याच कागदावर निकालात काढा. लेखागणिक एक शैली चालेल, परिच्छेदागणिक दोन नकोत.

यादीच्या शेवटी आकडे येतात. तिथे ‘१९६४’ तीस वेळा आणि ‘१९४६’ एकदा दिसलं की अंकांची अदलाबदल सापडते. एक लक्षात ठेवा, कुणी वर्ष इंग्रजी आकड्यांत टाइप केलं असेल तर ते या यादीत येणारच नाही, आणि ‘१९६४’ शोधून `1964` सापडणारही नाही. म्हणून आधी सगळे आकडे एका लिपीत आणा.

यादीला जे कळत नाही ते म्हणजे चुकीच्या जागी आलेला बरोबर शब्द, तोही वारंवार येणारा. ‘त्याने-त्यांनी’ शंभर-शंभर वेळा येतात, आकड्यावरून काहीच कळत नाही. तिथे कागदावर काढलेली प्रत आणि दोन माणसं लागतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पेन्सिल धरून बघायचं. वाचणारा लेखाचा लेखक नको, त्याला स्वतःचं लिहिलेलं तोंडपाठ असतं. अर्ध्या तासानं अदलाबदल करा. एका बैठकीत वीस-पंचवीस पानांच्या वर जाऊ नका. पुढची पानं वाचल्यासारखी होतात, वाचली जात नाहीत. छायाचित्रांखालच्या ओळी, तक्ते आणि शीर्षकं वेगळ्या बैठकीत घ्या. शीर्षकातली चूक सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते आणि तीच सगळ्यात शेवटी दिसते, हे मी कितीदा बघितलंय.

बोलीचा एक इशारा द्यायला हवा. जुन्या रापणकऱ्यांच्या आठवणी घेतल्या असतील तर त्यांत मालवणी असणारच. ‘माका’ लाल होतं, आणि कुणीतरी भला माणूस सुचवलेला शब्द निवडून त्याचा मका करतो किंवा ‘मला’ करून टाकतो. असले उतारे निवडून त्यांच्यावर ती `Do not check spelling or grammar` ची खूण मुद्दाम लावा, म्हणजे लाल रेघांचा गोंगाटही कमी होईल. मात्र ते उतारे ज्याची बोली ती आहे अशा माणसाकडून वाचून घ्या. मी रत्नागिरीकडची, मालवणी उताऱ्यात मी पेन्सिल लावत नाही.

शेवटचं काम मांडणीनंतरचं. तुमचा डीटीपीवाला मजकूर वर्डमधून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेईल. त्याच्याकडे युनिकोड नीट चालत नसेल आणि त्यानं तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला, तर रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकतात, आणि आडवे र पुन्हा रफार होऊ शकतात. म्हणून त्याच्याकडून आलेल्या पीडीएफमध्ये आधी ‘किनाऱ्यावर’, ‘कार्यकारिणी’ आणि ‘आचऱ्याला’ असलेली पानं काढून डोळ्यांनी बघा. ती तिन्ही शाबूत असतील तर बहुधा बाकीचंही शाबूत आहे. दुरुस्त्या करून आलेल्या प्रतीत फक्त दुरुस्त झालेली ओळ बघून थांबू नका, तिच्या वरची आणि खालचीही बघा. दुरुस्ती करताना शेजारचा शब्द खाल्ला जाणं रोजचं आहे. आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक सगळ्या दुरुस्त्या संपल्यावर, एकेक पान उघडून, हातानं ताडा. त्या दिवशी दुसरं काही काम घेऊ नका.